खुर्चीतून दिसणारी फुले

आमच्या पुण्यातील घराची गॅलरी दुसऱ्या मजल्यावर असून तिचे तोंड दक्षिणेस आहे. लांबी दहा फूट, रुंदी चार फूट, अडीच फूट उंचीचा विटांचा कठडा आणि त्यावर एक फूट लोखंडी जाळी, असा तिचा तपशील. या जागेत पहिल्या वर्षी मी गडद जांभळा पिटुनिया, गर्द लाल साल्व्हिया आणि तपकिरी तांबड्या पाकळ्यांचा बुटका झेंडू मोठ्या हौसेने लावला. डिसेंबरात सारी फुले एकदम बहरली आणि रस्त्यावरून जाणारी परिचित मंडळी मान वर करून प्रशंसा करू लागली, परंतु दिवाणखान्यात खुर्चीवर बसून दिवसाचा बहुतेक वेळ त्याच दिशेस दृष्टी लावून असणाऱ्या माझ्या आईने मात्र एके सकाळी विचारले, "अरे, एवढी काळी फुले कशाला लावलीस?" मी तिच्या खुर्चीवर बसून पाहिले तेव्हा तिचा प्रश्न अक्षरशः खरा आहे, हे माझ्या ध्यानात आले.

याचे कारण प्रकाशाच्या दिशेत आहे. बागेत आपण फुलांपाशी जातो तेव्हा सूर्य बहुधा आपल्या पाठीशी किंवा डोक्यावर असतो, आणि पाकळीवरून परावर्तित झालेला रंग आपल्या नेत्रांपर्यंत पोहोचतो. घरातून गॅलरीकडे पाहताना मात्र आपण स्वतः सावलीत असतो, समोर उजळ आकाश असते, आणि फूल या दोहोंच्या मध्ये उभे असल्यामुळे त्याची प्रकाशित बाजू बाहेर राहून छायेची बाजू आपल्या वाट्यास येते. आकाशाच्या तेजाशी तुलना होताच गडद लाल, जांभळा, किरमिजी हे रंग आपली रंगछटा गमावून केवळ कृष्णाकृती होतात. याउलट पांढरी, फिकट गुलाबी किंवा लिंबाच्या रंगाची पातळ पाकळी स्वतःमधून प्रकाश आरपार जाऊ देते, आणि कागदी आकाशकंदिलासारखी आतून उजळते. येथे पाकळीच्या जाडीचाही विचार केला पाहिजे. पिटुनिया आणि कॉसमॉस यांच्या पाकळ्या एकेरी व तलम असल्यामुळे त्या उजळतात. हजारी झेंडूचा गेंद इतका दाट असतो, की त्यातून किरण पार जाऊ शकत नाही.

फुलाच्या तोंडाचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. पॅन्सी आणि पिटुनिया यांच्या फुलांना स्पष्ट मुख असते आणि ते प्रकाशाकडे वळते. कुंडी आज फिरवून ठेवली, तरी नवी उमलणारी फुले आठ-दहा दिवसांत पुन्हा बाहेर पाहू लागतात. पिटुनिया पाठीकडूनही उजळतो म्हणून त्याचे हे वर्तन क्षम्य आहे. पॅन्सीचे सारे सौंदर्य मात्र तिच्या चेहऱ्यावरील डागांत असल्याने दक्षिणेच्या गॅलरीत तिची पाठ पाहत बसावे लागते, आणि म्हणून मी तिला रजा दिली. झेंडू, शेवंती, पेंटास, ॲलिसम यांचे गेंद वा गुच्छ सर्व बाजूंनी बहुतांशी सारखेच दिसतात, त्यामुळे त्यांच्याबाबत ही अडचण उद्भवत नाही.

तथापि गडद रंगांना गॅलरीत मज्जावच करावा, असा निष्कर्ष मी काढला असता तर ती चूक ठरली असती. खुर्चीवर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे पावणेचार फुटांवर असतात. त्या उंचीवरून पाहिले असता कठड्याच्या माथ्यावरच्या फुलांमागे आकाश आणि समोरची इमारत येते. खाली फरशीवर ठेवलेल्या कुंड्यांकडे मात्र आपण किंचित वरून पाहतो, त्यांच्यामागे कठड्याची आतली भिंत येते, आणि आकाशाकडे तोंड केलेले त्यांचे माथे आपल्याला प्रकाशित अवस्थेत दिसतात. म्हणजे एकाच गॅलरीत रंगांचे दोन स्वतंत्र प्रांत आहेत: वरचा प्रांत फिकट व पारदर्शी रंगांचा, खालचा प्रांत गडद रंगांचा. आमच्या कठड्याची आतली बाजू मळकट करडी होती. ती सायीच्या रंगाने रंगवून घेतल्यावर तिच्यापुढे ठेवलेली गर्द मरून शेवंती जशी उठून दिसली, तशी ती उघड्या आकाशापुढे कधीच दिसली नसती.

मात्र खालच्या प्रांतात ऊन पोहोचते की नाही, याचा हिशेब आधी करावा लागतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेस झुकतो. 22 डिसेंबरच्या सुमारास पुण्यात भर दुपारी तो क्षितिजापासून सुमारे 48 अंश वर असतो, आणि अडीच फुटी कठड्याची सावली त्या वेळी आत सव्वादोन फुटांपर्यंत येते. कठड्यालगत जमिनीवर ठेवलेली कुंडी अशा रीतीने संबंध हिवाळा सावलीत काढते, तिच्या फांद्या लांबट होतात आणि कळ्या धरत नाहीत. म्हणून खालच्या कुंड्या कठड्यास न चिकटवता खोलीच्या दाराकडील पट्ट्यात, विटांच्या एका थरावर ठेवाव्या. ज्यांची गॅलरी उत्तरेस आहे, त्यांना सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत थेट ऊन मुळीच मिळत नाही. त्यांनी हिवाळी फुलांचा हट्ट सोडून पानांच्या रंगांवर भिस्त ठेवावी, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

रंग एकत्र दिसायचे तर फुले एका मुदतीत यावयास हवीत, आणि येथे बहुतेकांची फसगत होते. कारण सर्व बिया एकाच रविवारी पेरल्या जातात. डिसेंबरचा पहिला आठवडा हा माझा ठरलेला मुहूर्त, आणि त्यापासून मी उलट मोजत येतो. पिटुनियास बीपासून फुलापर्यंत सुमारे बारा आठवडे लागतात, म्हणून तो गणपतीच्या सुमारास, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा. त्याचे बी धुळीसारखे बारीक असते, ते मातीने झाकू नये, नुसते ओल्या मातीवर भुरभुरून वर काच ठेवावी. निळा साल्व्हिया याहून संथ असल्याने तो ऑगस्टअखेरच पेरावा लागतो. बुटका झेंडू सात-आठ आठवड्यांत फुलतो आणि पांढरे ॲलिसमही जवळजवळ तितकाच वेळ घेते. म्हणून या दोहोंची पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबवावी. झेंडू सप्टेंबरात पेरला, तर दिवाळीस तो भरात येतो खरा, परंतु पिटुनिया बहरेपर्यंत त्याची पहिली उमेद संपलेली असते.

शेवंतीचे पंचांग अगदी निराळे आहे. तिचा बहर पेरणीच्या तारखेवर नव्हे, तर रात्रीच्या लांबीवर अवलंबून असतो. रात्री पुरेशा मोठ्या झाल्या म्हणजे ती कळी धरते, आणि मध्येच दिवा लागला तर ती रात्र तिच्या हिशेबी धरली जात नाही. दिवसाच्या लांबीनुसार फुलण्याचा वनस्पतींचा स्वभाव गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली सप्रयोग सिद्ध केला. मला तो माझ्या घरातच शिकावा लागला. दुसऱ्या वर्षी ओळीने ठेवलेल्या सहा शेवंतींपैकी दिवाणखान्याच्या दारासमोरच्या दोन कुंड्या नुसत्याच पालेदार वाढत राहिल्या. उरलेल्या चार नोव्हेंबरअखेर फुलल्या, आणि या दोन जानेवारीच्या मध्यास. खत तेच, पाणी तेच, ऊनही तेच. फरक इतकाच, की रात्री अकरापर्यंत खोलीतल्या दिव्याचा उजेड नेमका त्या दोघींवर पडत होता. तेव्हापासून मी जूनअखेर कलमे लावतो, ऑगस्टअखेर शेवटचा शेंडा खुडतो, आणि कुंड्या इमारतीच्या गच्चीवर अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन त्यांत रंग दिसू लागल्यावरच खाली आणतो. एकदा कळीत रंग भरला, म्हणजे दिव्याचा तिला उपद्रव नाही. ज्यांना गच्ची उपलब्ध नाही, त्यांनी सप्टेंबरपासून कळी धरेपर्यंत दिवेलागणीला दाराचा जाड पडदा ओढण्याचा बंदोबस्त करावा.

ऋतूप्रमाणे प्रहराचाही मेळ पाहावा लागतो. ऑफिसटाइमची फुले सकाळी नऊ-दहाला उमलतात आणि दुपार कलताच मिटतात. ज्या घरातील माणसे साडेआठला बाहेर पडून सातला परततात, त्यांच्या दृष्टीस ती फक्त सुट्टीच्या दिवशी पडणार. गुलबक्षी उलट संध्याकाळी चारच्या पुढे उघडते. संध्याकाळच्या रंगांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नोंदविले, की प्रकाश मंदावत जाताना आपल्या नेत्रांस लाल रंग लवकर काळवंडलेला दिसतो आणि निळा त्यामानाने उजळ भासतो. दुपारी हिरव्या पानांत हरवलेला आमचा निळा साल्व्हिया सूर्यास्तानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत प्रथमच वेगळा होऊन पुढे येतो, आणि आई त्या वेळी खोलीतला दिवा लावू देत नाही. गॅलरीतला पिवळ्या उजेडाचा दिवा लागला, की हा निळा पुन्हा मरगळतो, आणि फिकट पिवळे व पांढरे यांत भेद उरत नाही.

आता प्रत्यक्ष मांडणी. कठड्यावरच्या लांबट कुंड्यांत डाव्या बाजूस पांढरा पिटुनिया सलग तीन फूट, मध्ये लिंबाच्या रंगाचा झेंडू, उजवीकडे पुन्हा पांढरा. एक पांढरे, एक पिवळे अशी आळीपाळीने लावलेली रोपे दहा फुटांवरून नुसते ठिपके भासतात, सलग लावलेला रंग मात्र स्थिर राहतो. साल्व्हियाच्या तीन कुंड्या पिवळ्याच्या पायथ्याशी, चौकोनी स्टुलांवर. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्रल याने 1839 च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे, की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांस आपापल्या विरोधी छटेकडे ढकलतात. पिवळ्याच्या सान्निध्यात निळा किंचित जांभुळका व अधिक गहिरा वाटतो, तो याच न्यायाने. त्याखाली दाराकडील पट्ट्यात मरून शेवंती, आणि तिच्या कडेने ॲलिसमची पांढरी किनार.

गुलाबी पिटुनिया मला व्यक्तिशः आवडतो, तरीही तो या योजनेत नाही, आणि त्यास कारण कुंड्या आहेत. आतून पाहताना फुलांइतकाच, कित्येकदा अधिक, भाग मातीच्या कुंड्यांचा दिसतो, आणि त्यांचा गेरूचा तांबूसपणा हाही एक रंगच आहे. पांढरा, पिवळा, निळा यांच्याशी तो जुळवून घेतो, गुलाबीस मात्र मलिन करतो. गुलाबी हवाच असेल, तर कुंड्या करड्या किंवा पांढऱ्या रंगवाव्या.

रोपे आणण्यापूर्वी करावयाची परीक्षा सोपी आहे. घरातील जुन्या कापडांचे वीतभर तुकडे, मनात योजलेल्या रंगांचे, कठड्याच्या जाळीवर व खाली कुंड्यांच्या जागी टाचून ठेवावे, आणि ज्या खुर्चीत नित्य बसणे होते तेथून सकाळी आठला, दुपारी एकला आणि दिवेलागणीला पाहावे. खिडकीस पातळ पांढरा पडदा असेल, तर तो ओढूनही पाहावे, कारण त्यातून फिकट पिवळा जवळजवळ नाहीसाच होतो. कापड जाड असल्यामुळे पाकळीची पारदर्शकता त्यात कळत नाही, एवढी या परीक्षेची मर्यादा; ती कळण्यासाठी पतंगाचा कागद वापरावा.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यानंतर ऊन तापू लागते, ॲलिसम तपकिरी पडते आणि पिटुनियाचे देठ लांबतात. शेवंती त्याआधीच ओसरलेली असते. ती जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटावी आणि कुंडी सावलीत हलवावी, म्हणजे बुडाशी फुटणारे धुमारे जूनमध्ये कलमांच्या उपयोगी पडतात.