सर्वांशी जुळणारी मॅट्रिक्स

व्यस्त असलेल्या मॅट्रिक्सच्या गटात गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर सहसा बदलते. मात्र काही मॅट्रिक्स गटातल्या प्रत्येकीला डावीकडून गुणा की उजवीकडून, उत्तर तेच देतात. त्यांच्या संचाला गटाचे केंद्र म्हणतात. कर्णावर एकच शून्येतर संख्या आणि इतरत्र शून्य असलेली स्केलर मॅट्रिक्स केंद्रात असते हे उघड आहे, कारण ती समोरच्या मॅट्रिक्समधल्या प्रत्येक संख्येला त्याच संख्येने गुणते. दुसरी कोणतीच मॅट्रिक्स तिथे का नसते, एवढेच सिद्ध करायचे उरते.

आधी 2×2 चे उदाहरण घेऊ. A च्या ओळी (a, b) आणि (c, d) आहेत आणि A केंद्रात आहे असे माना. T च्या ओळी (1, 1) आणि (0, 1) असू द्या. AT ची पहिली ओळ (a, a+b) येते, तर TA ची (a+c, b+d). दोन्ही सारख्या असायला हव्यात, म्हणून c = 0 आणि a = d. आता (1, 0) आणि (1, 1) या ओळींची मॅट्रिक्स घेतली की त्याच रीतीने b = 0 मिळते. उरते ती a ची स्केलर मॅट्रिक्स.

मोठ्या मॅट्रिक्ससाठीही युक्ती हीच. E मध्ये फक्त i व्या ओळीत, j व्या स्तंभात 1 ठेवा. i आणि j वेगळे हवेत. I + E चा व्यस्त I − E आहे, म्हणून ती गटातच असते. A तिच्याशी जुळते, म्हणजे AE = EA. डावीकडे A चा i वा स्तंभ j व्या स्तंभाच्या जागी येतो, उजवीकडे A ची j वी ओळ i व्या ओळीच्या जागी, आणि बाकी सगळे शून्य. त्या स्तंभाचा आणि ओळीचा छेद एकाच घरात होतो. त्या घरातून A च्या कर्णावरची i वी आणि j वी संख्या समान ठरते; A च्या i व्या स्तंभातल्या इतर संख्या शून्य होतात. i, j बदलत गेले की A स्केलरच उरते.

कर्णावर वेगवेगळ्या संख्या असलेली मॅट्रिक्स घेऊनही पुष्कळदा सुरुवात केली जाते. ती वाट सोपी दिसते, पण फक्त 0 आणि 1 असलेल्या क्षेत्रात ती बंद होते: तिथे व्यस्त असलेली कर्ण-मॅट्रिक्स एकटी I आहे. वरची युक्ती 1 शिवाय काही मागत नाही, म्हणून ती प्रत्येक क्षेत्रात चालते. 0, 1, 2 या तीन घटकांच्या क्षेत्रात 2×2 च्या 48 व्यस्त मॅट्रिक्स आहेत. केंद्रात फक्त I आणि 2I.

क्षेत्रात गुणाकाराचा क्रम बदलता येतो, ही अट मात्र सोडता येत नाही. चतुष्टकांमध्ये, म्हणजे हॅमिल्टनच्या क्वाटर्नियनमध्ये, ती तुटते. तिथे केंद्रात शून्येतर वास्तव संख्यांच्याच स्केलर मॅट्रिक्स राहतात, i ची स्केलर मॅट्रिक्स j च्या स्केलर मॅट्रिक्सशीही जुळत नाही.