हेडफोनमधली किरकिर येते कुठून?

गाणं थांबवलं तरी हेडफोनमध्ये बारीक किरकिर येते आणि माउस हलवला की ती बदलते. असं होत असेल तर दोष बहुधा हेडफोनचा नसतो. डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून, ग्राफिक्स कार्डाच्या आसपासून जाते आणि वाटेत विजेचा गोंगाट उचलते. म्हणून आधी प्लग मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावून पाहा. किरकिर गेली तर खिशाला हात लावायची गरजच नाही.

तिथेही राहिली, तर साधं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं. त्यात डिजिटल सिग्नलचा आवाज कॅबिनेटच्या बाहेर तयार होतो. मात्र माउसने न बदलणारा, एकसारखा 'सूं' अँप्लिफायरचा असतो. कानात घालायचे संवेदनशील इअरफोन लावले, तर तो महागड्या डॅकवरही ऐकू येऊ शकतो.

माइकचं गणित वेगळं. विंडोजमध्ये Microphone Boost `+30 dB` केला की सिग्नल सुमारे तीसपट होतो, पण सोबत खरखरही तेवढीच वाढते. माइक तोंडापासून ४० सेंटिमीटरवरून १० वर आणला, तर आवाज साधारण १२ डेसिबलने वाढतो; मग बूस्ट `+20 dB`वर आणता येतो आणि खरखर आपोआप दबते. माइकसाठी डॅक घेणाऱ्यांनी तर खोक्यावर नीट बघावं, कारण बऱ्याच डॅकना माइकचा जॅकच नसतो.