लाल झारी लागली की गाडी थांबवा

रात्री नऊच्या सुमारास भाचीचा फोटो आला. गाडीच्या डॅशबोर्डचा, जरासा हललेला. त्यात तीन दिवे लागलेले होते: पिवळं इंजिन, लाल बॅटरी आणि लाल रंगाची ती तेलाची झारी, जिच्या तोटीतून एक थेंब पडताना दाखवलेला असतो. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘मामा, तिन्ही लागलेत. समोर पेट्रोलपंप दिसतोय. तिथपर्यंत जाऊ का?’

ती पुण्याहून साताऱ्याकडे निघाली होती आणि खंबाटकी घाट उतरून वेळ्याच्या आसपास रस्त्याच्या कडेला थांबली होती. तीस वर्षं गॅरेजमध्ये काढल्यामुळे असे फोटो मला घरच्यांकडून, शेजाऱ्यांकडून, जुन्या गिऱ्हाइकांकडून नेहमी येतात. फोटो आला की मी दिव्यांकडे नंतर पाहतो, आधी आरपीएमचा काटा कुठे आहे ते बघतो. तिच्या फोटोत काटा शून्यावर होता. म्हणजे फोटो काढला तेव्हा इंजिन बंद होतं आणि किल्ली नुसती ON वर होती.

इंजिन बंद असताना किल्ली ON वर फिरवली की हे तिन्ही दिवे लागतातच, आणि लागायलाच हवेत. इंजिन फिरत नाही, म्हणून तेलाला दाब नाही. अल्टरनेटर फिरत नाही, म्हणून बॅटरी चार्ज होत नाही. आणि इंजिनचा पिवळा दिवा स्वतः शाबूत आहे हे त्या वेळी दाखवून देतो. इंजिन चालू झालं की दोन-तीन सेकंदांत तिन्ही विझतात. चालती गाडी क्लच चुकून बंद पडली तरी हेच तिन्ही दिवे एकदम लागतात आणि चालवणारा घाबरतो. अशा वेळी ते दिवे गाडी बंद पडल्यामुळे लागलेले असतात, गाडी त्यांच्यामुळे बंद पडलेली नसते. त्यामुळे भाचीच्या फोटोवरून मला काहीच ठरवता येत नव्हतं. मी फोन लावला आणि विचारलं, ‘गाडी चालू होती तेव्हा यातला कुठला दिवा लागला होता?’

ती म्हणाली, ‘लाल झारी. घाटात एका वळणावर लागली आणि विझली. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. घाट उतरल्यावर लागली ती लागलीच, म्हणून कडेला घेऊन बंद केली.’

‘पुन्हा चालू केलीस का?’

‘नाही.’

‘मग करू नकोस. पंप शंभर फुटांवर असला तरी नको.’

झारीचा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. आणि सगळा धोका त्यातच आहे. इंजिनच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, गॅरेजमध्ये त्याला चेंबर म्हणतात. चेंबरमधलं तेल जाळीतून पंप खेचतो आणि फिल्टरमधून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत ढकलतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश एवढीच फट असते. त्या फटीत दाबाने शिरलेल्या तेलाच्या पातळ थरावर क्रँक तरंगत फिरत असतो. गाडी साधी चाललेली असताना, 2000 आरपीएमला, क्रँक एका सेकंदात तेहेतीस फेरे मारतो. दाब गेला की तो थर जातो आणि धातूवर धातू घासायला लागतो. आधी टकटक ऐकू येते, मग बेअरिंग तापून चिकटतं आणि इंजिन सीझ होतं. याला किती वेळ लागेल हे इंजिनवर आणि वेगावर अवलंबून आहे, पण हिशेब मिनिटांचा असतो, किलोमीटरचा नव्हे.

घाटात वळणावर दिवा लागून विझला, हे ऐकल्यावर माझा संशय तेल कमी असण्यावर गेला. तेल कमी झालं की वळणावर ते चेंबरच्या एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप क्षणभर हवा खेचतो. सरळ रस्त्याला गाडी आली की तेल परत जागेवर येतं आणि दिवा विझतो. जोरात ब्रेक लावल्यावरही असंच होतं. नुसती लुकलुक आहे म्हणून पुष्कळ लोक ती सोडून देतात. खरं तर गाडी वाचवण्याची सर्वांत चांगली वेळ तीच असते.

‘वाटेत खाली काही आपटलं होतं का?’ मी विचारलं. तिला आठवलं. शिरवळच्या पुढे रस्त्यात एक दगड होता, चुकवता आला नाही, खालून मोठा आवाज आला होता. मी तिला हॅझार्ड दिवे लावून, गाडीपासून दूर, कठड्याच्या पलीकडे उभं राहायला सांगितलं. रस्ता मोकळा झाल्यावर रहदारीच्या उलट बाजूने, मोबाइलच्या उजेडात गाडीखाली बघायला लावलं. इंजिनखाली काळं तेल ठिबकत होतं. पाच-सात मिनिटांनी तिने तेल मोजायची पट्टी काढून पुसली, परत घातली आणि पुन्हा काढली. तिच्या टोकालाही तेल नव्हतं.

छोट्या पेट्रोल गाडीत तीन-साडेतीन लिटर तेल असतं आणि पट्टीवरच्या खालच्या-वरच्या खुणांमध्ये साधारण लिटरभराचा फरक असतो. पट्टी कोरडी म्हणजे खालच्या खुणेच्याही बऱ्याच खाली गेलेलं. पंपावरून डबा आणून ओतला तर, असं तिने सुचवलं. पण ज्या चिरेतून पहिलं तेल गेलं तिच्यातूनच हेही गेलं असतं. ती राष्ट्रीय महामार्गावर होती, तेव्हा 1033 हा महामार्गाचा मदत क्रमांक लावला. गाडी उचलून नेली. दुसऱ्या दिवशी कळलं, चेंबरच्या नटाजवळ चीर गेली होती. नवा चेंबर, नवं तेल, नवा फिल्टर एवढ्यावर काम भागलं. चालू केल्यावर दोन सेकंदांत दिवा विझला, टकटक नव्हती.

असाच दगड लागलेलं दुसरं एक गिऱ्हाईक मला विसरता येत नाही. ‘गाव चारच किलोमीटरवर होतं’ म्हणून तो दिवा लागलेला असताना चालवत राहिला. गाव आलं, पण गाडी दोरीने ओढत आली. इंजिन उघडल्यावर बेअरिंगचा पत्रा वितळून क्रँकला चिकटलेला दिसला. ते मी त्याला हातात घेऊन दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. नवी गाडी होती, तिच्या हप्त्यांना दोन वर्षं बाकी होती.

कधी कधी पट्टीवर तेल पुरेसं दिसतं आणि तरी झारी विझत नाही. लोकांना वाटतं, सेन्सर बिघडला असेल. तो बिघडतोही. पण दगडाने चेंबर फुटण्याऐवजी आत दबला, तर पत्रा थेट जाळीला टेकतो आणि भरपूर तेल असूनही पंपाला ते मिळत नाही. पंप झिजला तरी हेच. सीटवर बसून यातला फरक ओळखता येत नाही. सेन्सरच्या जागी दाबाचा गेज लावूनच तो कळतो, म्हणून तोपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. काही गाड्यांत झारीचा हाच आकार पिवळ्या रंगात येतो. त्याचा अर्थ तेलाची पातळी कमी आहे, दाब अजून आहे, आणि जवळच्या पंपावर तेल तपासायला हरकत नाही.

थांबायचं म्हणजे भर रस्त्यात किल्ली फिरवायची असंही नाही. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा जोर दोन-तीन दाबांतच संपतो. आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, कडेला घ्या, गाडी पूर्ण थांबू द्या आणि मग इंजिन बंद करा.

लाल बॅटरी पाहून लोक बॅटरीच बदलायला निघतात. इंजिन चालू असताना हा दिवा लागला, तर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि गाडी आता साठवलेल्या विजेवर चालली आहे. मग हिशेब सरळ आहे. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-अवरची, त्यातली निम्मी वीज कामाची धरा. हेडलाइट, पेट्रोलचा पंप, इग्निशन आणि ब्लोअर मिळून पंचवीस-तीस अँपिअर सहज ओढतात. म्हणजे रात्री हाताशी अर्धा-पाऊण तास. दिवसा एसी, ब्लोअर आणि म्युझिक बंद केलं तर थोडं जास्त. एवढ्यात ओळखीचं गॅरेज गाठता येत असेल तर जा, पण मध्ये इंजिन बंद करू नका, पुन्हा स्टार्ट व्हायला वीज उरणार नाही.

यात एक गोष्ट मात्र आधी बघावी लागते. पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर फिरवणारा पट्टा, ज्याला सगळे फॅन बेल्ट म्हणतात, पाण्याचा पंपही फिरवतो. तो पट्टाच तुटला असेल तर बॅटरीच्या दिव्यामागून पाच-दहा मिनिटांत तापमानाचा काटा वर चढतो किंवा थर्मामीटरचं लाल चिन्ह लागतं. जुन्या गाड्यांत त्याच पट्ट्यावर स्टिअरिंगचा पंपही असतो, तिथे स्टिअरिंग एकदम जड होतं. बॅटरीच्या दिव्याबरोबर यातलं काहीही जाणवलं तर तिथेच थांबा, कारण तापलेलं इंजिनही तेल नसलेल्या इंजिनासारखंच जातं. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

पिवळ्या इंजिनाच्या दिव्याला लोक फार घाबरतात. तो स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर एक-दोन दिवसांत गॅरेजला दाखवा, एवढंच. तिथे स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून कोड वाचतात. पण तो लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. इंजिनचा एखादा सिलिंडर मिस होतो आहे, स्कॅनरवर P0301 किंवा P0300 असा कोड येईल. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो लालबुंद होतो. वेग कमी करा. लुकलुक थांबली नाही तर कडेला घ्या, वाळक्या गवतावर नको.

फोटोत लुकलुक दिसत नाही. म्हणून भाचीला मी सांगितलं, यापुढे काही लागलं तर गाडी थांबवल्यावर फोटो पाठव, पण सोबत दोन ओळी लिही: इंजिन चालू असताना कुठला दिवा होता, आणि स्थिर होता की लुकलुकत होता. दुसरं एक तिला रोज करायला लावलं आहे. सकाळी किल्ली ON वर फिरवायची, स्टार्ट करायच्या आधी क्षणभर थांबायचं आणि लाल झारी लागते का ते बघायचं. ज्या दिवशी ती लागणार नाही, त्या दिवशी दिवा नाहीतर त्याची वायर गेलेली असेल, आणि तेलाचा दाब गेला तरी डॅशबोर्डवर काहीच दिसणार नाही.