एकाच स्वयंपाकात दूध बाधणाऱ्याचं ताट

घरातल्या एकाला दूध बाधतं असं कळलं की दोनपैकी एक होतं. एक तर त्याच्यासाठी वेगळी आमटी, वेगळी कोशिंबीर, वेगळा चहा असा निराळा स्वयंपाक सुरू होतो आणि महिन्याभरात करणारी थकते. नाही तर दूध, दही, ताक, तूप सगळंच बंद होतं, आणि बाधणाऱ्याबरोबर अख्खं घर पथ्यावर बसतं. खरं तर या दोन्हींची गरज क्वचितच पडते. कोणत्या पदार्थात काय आहे हे नीट कळलं तर एकाच चुलीवर, एकाच पातेल्यात बहुतेक सगळं बसतं.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. तान्हेपणी ते भरपूर असतं, पण जगातल्या बहुसंख्य माणसांत वय वाढतं तसं ते कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, आपल्याबरोबर पाणी ओढून घेते आणि तिथले जिवाणू ती आंबवून वायू तयार करतात. पोट फुगणं, गुडगुडणं, कळ येणं आणि शेवटी जुलाब, हे सगळं त्यातून येतं. दूध प्यायल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत हा त्रास सुरू होतो.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. दुधाची ॲलर्जी ही प्रथिनांची असते. तिच्यात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो आणि थेंबभर दूधही चालत नाही. हा लेख तिच्याबद्दल नाही. दुसरं म्हणजे वजन उतरत असेल, शौचातून रक्त पडत असेल, ताप येत असेल किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, तर दुधावर ठपका ठेवून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं. मोठ्या जुलाबानंतर काही आठवडे दूध न सोसणं हे मात्र बहुधा तात्पुरतं असतं.

लॅक्टोजच्या बाबतीत सगळा खेळ मात्रेचा आहे. दूध बाधणारी बहुतेक माणसं एका वेळी साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज फारशा त्रासाशिवाय सोसतात, विशेषतः ते जेवणाबरोबर पोटात गेलं तर. गाईच्या असो की म्हशीच्या, 100 मिलिलिटर दुधात ते जवळपास 5 ग्रॅम असतं. म्हणजे ही मर्यादा पेलाभर दुधाची झाली. अर्थात प्रत्येकाची रेघ वेगळी असते, ती कशी काढायची ते पुढे येईलच. साय काढली, दूध उकळलं, गाय बदलली, तरी लॅक्टोज हटत नाही. ए-टू म्हणून विकल्या जाणाऱ्या दुधातही ते तेवढंच असतं.

साताऱ्याला माझ्या मावसबहिणीच्या घरी रोज अडीच लिटर म्हशीचं दूध येतं. बाधतं ते दाजींना. घरात ताई, दोन मुलं आणि दाजींची आई, म्हणजे माई. दह्याचं विरजण, लोण्याचं भांडं आणि रविवारचं गोडाधोडाचं जेवण माईंच्या हातातलं. दाजींचं निदान झालं तेव्हा पहिली कुऱ्हाड पडली ती ताकावर आणि दह्यातल्या कोशिंबिरीवर. रविवारची बासुंदी मात्र राहिली. माईंचं म्हणणं साधं होतं, "आठवड्यातनं एकदा वाटीभर खाल्ली तर काय होतंय?" आणि दर रविवारी संध्याकाळी दाजी पोट धरून बसायचे.

त्या जेवणाचा हिशेब मांडू. काकडीच्या कोशिंबिरीत एकाच्या वाट्याला साधारण 50 ग्रॅम दही येतं, म्हणजे 2 ग्रॅम लॅक्टोज. पेलाभर मठ्ठ्यात दही फार तर 60 ग्रॅम, बाकी पाणी, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आत. आणि बासुंदी? दूध आटवून निम्मं केलं की त्यातलं पाणी उडतं, साखर तिथेच राहते. दीडशे मिलिलिटरच्या एका वाटीत 300 मिलिलिटर दूध सामावलेलं असतं, म्हणजे 15 ग्रॅम लॅक्टोज. दुसरी वाटी घेतली तर 30. घरानं बंद केलं होतं साडेचार ग्रॅमचं, आणि चालू ठेवलं होतं पंधराचं. खव्याचंही असंच आहे. लिटरभर दुधाचा खवा जेमतेम दोनशे ग्रॅम उतरतो आणि सगळं लॅक्टोज त्यात असतं. एका कंदी पेढ्यानं सहसा काही बिघडत नाही, पण चार पेढे म्हणजे पेलाभर दुधाहून जास्त.

उलट श्रीखंडात हा भार कितीतरी हलका असतो. दही फडक्यात बांधून रात्रभर टांगलं की खाली जे पाणी गळतं त्यात बरंचसं लॅक्टोज निघून जातं. चक्क्यात उरतं ते साखर घालून आणखी विरळ होतं. त्यामुळे साताऱ्यात आता बासुंदीच्या जागी बहुतेकदा घरचं श्रीखंड असतं आणि दाजी पुरीबरोबर ते पोटभर खातात. विकतच्या डब्यावर मात्र मिल्क सॉलिड्स किंवा मिल्क पावडर लिहिलंय का ते बघावं. स्किम्ड मिल्क पावडरमध्ये वजनाच्या निम्मं लॅक्टोजच असतं.

त्या टांगलेल्या दह्याच्या किंवा पनीरच्या पाण्याकडे लक्ष ठेवायला हवं. ते फेकवत नाही, म्हणून आमटीत, पिठल्यात किंवा कणकेत जातं. लिटरभर दुधाचं पनीर केलं तर त्या निवळीत जवळजवळ 40 ग्रॅम लॅक्टोज असतं. कणीक त्यात भिजवली तर पोळीगणिक ग्रॅमभरच येतं, ते चालून जातं. पण आमटी सगळी त्याच पाण्यात केली तर एका वाटीत 6-7 ग्रॅम येऊ शकतं, आणि "मी तर दूध घेतलंच नाही" म्हणणाऱ्या माणसाला पोट का बिघडलं ते कळत नाही.

दही आणि कढी यांत एक फरक आहे, तो मला स्वयंपाकघरात सगळ्यात उपयोगी वाटतो. विरजताना जिवाणू काही लॅक्टोज खातात, पण 100 ग्रॅम दह्यात अजून 4 ग्रॅमच्या आसपास उरतंच. तरीही दुधापेक्षा दही सोसतं, कारण ते जिवाणू लॅक्टेज स्वतःच आपल्याबरोबर घेऊन येतात आणि आपल्या आतड्यात ते कामाला येतं. कढीला उकळी आली की जिवाणू मरतात आणि ते विकरही निकामी होतं. दह्याच्या मानानं कढीचं लॅक्टोज त्यामुळे पोटावर जास्त पडतं. पातळ कढीच्या वाटीत ते अडीच ग्रॅमच असतं, म्हणून कढी वर्ज्य नाही. फक्त ताईनं नियम केलाय की कढी असेल त्या जेवणात दुसरं दुधाचं काही नाही. दही घालायचंच असेल तर भाजी किंवा भात चुलीवरून उतरवून, कोमट झाल्यावर घालायचं. दहीभाताला वरून फोडणी दिली तरी चालतं, दही घालून तो भात पुन्हा गरम मात्र करायचा नाही.

तुपाची धास्ती सोडावी. लोणी कढवताना पाणी उडून जातं आणि दुधातला उरलेला भाग तळाशी बेरी होऊन बसतो. गाळलेल्या तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. बेरी साखर घालून खायची असेल तर ती मुलांना द्यावी. चहाचंही तसंच. निम्मं पाणी, निम्मं दूध असा 100 मिलिलिटरचा कप म्हणजे अडीच ग्रॅम. असे तीन कप दिवसभरात विभागून घेतले तर दाजींना काही होत नाही. एका बैठकीत मोठा मग भरून दुधाचाच चहा घेतला तर होतं.

स्वतःची रेघ काढायची रीत सोपी आहे, पण घाई चालत नाही. दोन आठवडे दूध, दही, खवा, मिठाई बंद ठेवायची, तूप चालू. त्रास थांबला नाही तर कारण दुसरंच असण्याची शक्यता मोठी, मग डॉक्टरांकडे जावं. श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी करून लॅक्टोज पचतं की नाही हे पाहता येतं. थांबला तर जेवणाबरोबर 50 मिलिलिटर दूध दोन-तीन दिवस घ्यायचं, मग 100, मग 150, आणि कशानं काय झालं ते वेळेसकट लिहून ठेवायचं. दाजींना 150 वर गुडगुड सुरू झाली, म्हणजे त्यांची रेघ साधारण 6-7 ग्रॅमची. ज्या मात्रेला पोट शांत राहतं ती पुढे रोज चालू ठेवावी. आतड्यातले जिवाणू नेमानं मिळणाऱ्या थोड्या लॅक्टोजला सरावतात आणि त्रास कमी होत जातो. सगळं कायमचं बंद करणारे हा फायदा घालवतात.

रेघ कळल्यावर आठवड्याची आखणी सोपी होते. एका जेवणात एकच दुधाचा पदार्थ, आणि घट्ट आटवलेलं काही असेल तर त्याचा पर्याय सगळ्यांसाठीच करायचा. तो शोधायला लांब जावं लागत नाही, कोकण आणि गोव्याची निम्मी गोडं नारळाच्या रसावर उभी आहेत. रस-शेवया, मणगणं, पुरणपोळीबरोबर नारळाच्या दुधातली गुळवणी, जेवणाशेवटी मठ्ठ्याऐवजी सोलकढी. नारळाच्या दुधाची खीर करताना दुसरा, पातळ रस आधी शिजवायला वापरावा. पहिला दाट रस शेवटी, आच अगदी मंद करून घालावा आणि उकळू देऊ नये, नाही तर तो फुटून तेल सुटतं. पाण्यात कालवलेली चमचाभर तांदळाची पिठी आधी घातली तर खीर एकजीव राहते. रश्शाला दाटपणा हवा असेल तर साय लागतच नाही, कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि थोडी खसखस तेच काम करते.

एक गोष्ट मात्र नारळ भरून काढत नाही, ती म्हणजे कॅल्शियम. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम लागतं आणि नारळाच्या दुधात ते नगण्य असतं. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून पावणेदोनशे मिळतं. माईंनी रात्रीच्या ज्वारीच्या भाकऱ्यांपैकी दोन नाचणीच्या करायला घेतल्या, तिळाची चटणी रोज ताटात आली, आणि दाजींचं ताक परत सुरू झालं. काट्यासकट खाता येणारी छोटी सुकी मासळी खाणाऱ्या घरांना तर हा प्रश्न आणखी सोपा. लॅक्टोज काढलेलं दूधही बाजारात मिळतं. त्यात लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते, म्हणून ते जरा गोड लागतं, पण कॅल्शियम नेहमीच्या दुधाइतकंच असतं. ते महाग पडतं, त्यामुळे ताई त्याचा एक पुडा फक्त दाजींसाठी आणते. मुलांच्या पेल्यात म्हशीचंच दूध असतं, कारण त्यांना ते पचतं आणि वडिलांना बाधतं म्हणून त्यांचं बंद करायचं कारण नाही. लग्नकार्यात, जिथे वाढणाऱ्याला काही सांगता येत नाही, तिथे दाजी खिशात लॅक्टेजची गोळी ठेवतात आणि पहिल्या घासाबरोबरच घेतात. दुधाचं खाऊन झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.