सहकाऱ्याने मनाचा आजार सांगितला, तर मुख्याध्यापकांनी काय बोलावं, काय लिहावं?

समजा, एका उर्दू शाळेतल्या सलमा मॅडम मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये येऊन सांगतात, "सर, मला डिप्रेशन आहे. गोळ्या सुरू आहेत. त्यामुळे सकाळी झोप उतरत नाही, पहिला तास जमत नाही."

यावर "तुम्हाला कसलं डिप्रेशन?" किंवा "नमाज पढा, बरं वाटेल" असं म्हटलं, तर त्या पुन्हा तोंड उघडणार नाहीत. आजार कधीपासून, कशामुळे, घरी काही झालं का, हेही विचारू नये. सरांनी एवढंच म्हणावं: "सांगितलंत, बरं केलंत. कामात नेमकी अडचण कुठे येते? काय बदललं तर सोपं जाईल? आणि ही गोष्ट कुणाला सांगायची की नाही, ते तुम्ही ठरवा."

"कुणालाच कधी सांगणार नाही" असा शब्द मात्र देऊ नये. जिवाला धोका दिसला, तर घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवावंच लागेल, हे आधीच सांगावं. अशा वेळी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबरही उपयोगी पडतो.

आता नोंद. ती आजाराची नसावी, कामातल्या बदलाची असावी. उदाहरणार्थ: "आज चर्चा झाली. आरोग्याच्या कारणावरून पहिला तास चार आठवडे दुसऱ्या शिक्षकांकडे. त्याबदल्यात शेवटचा तास मॅडम घेतील. चार आठवड्यांनी पुन्हा बोलू." खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. आजाराचं नाव, गोळ्यांची नावं, "कमकुवत वाटतात" यासारखा स्वतःचा शेरा, यातलं काही लिहू नये. लिहिलेलं मॅडमना वाचून दाखवावं.

हा कागद मस्टरमध्ये किंवा टेबलावरच्या फायलीत ठेवू नये. बंद लिफाफ्यात, सरांच्या कुलुपाच्या कपाटात ठेवावा. रजा घेतली तर मस्टरवर फक्त "वैद्यकीय रजा". डॉक्टरांचं सर्टिफिकेट क्लार्कच्या हातून फिरू नये, थेट सरांकडे द्यावं.

गोष्ट बहुतेक वेळा फुटते ती स्टाफरूममध्ये. कुणी विचारलं, "सलमा मॅडमना पहिला तास का नाही?" तर उत्तर: "वेळापत्रक मी बदललंय." बस. "त्यांची तब्येत जरा... समजून घ्या" असं अर्धवट बोललं तरी बाकीचं लोक स्वतःच जोडतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवरही फक्त नवं वेळापत्रक टाकावं.

मॅडमच्या डॉक्टरांना परस्पर फोन करू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. शाळेला काही विचारायचंच असेल, तर मॅडमच्या लेखी परवानगीने, आणि तेही कामापुरतंच.

चार आठवड्यांनी सरांनी एवढंच विचारावं: "हा बदल पुरतोय का?" पहिला तास पुन्हा जमत असेल, तर तशी एक ओळ लिहावी. कपाटातला कागद ही सलमा मॅडमची अमानत आहे. सरांची बदली झाली, तरी त्यांना विचारल्याशिवाय तो पुढच्या मुख्याध्यापकांकडे जाऊ नये.