पाइपच्या गणितातला ‘f’

टाकीतल्या पाण्याची पातळी आडव्या पाइपपेक्षा १० मीटर वर आहे. पाइप ५० मीटर लांब, ५० मिलिमीटर व्यासाचा; पलीकडचं तोंड हवेत उघडं. f = ०.०२. सेकंदाला किती पाणी पडेल? जुन्या पेपरांत या साच्याचा प्रश्न हमखास सापडतो.

आकडेमोडीआधी गृहीतकं कागदावर लिहावीत. टाकी मोठी, म्हणून पातळी उतरण्याचा वेग शून्य. वरचा पृष्ठभाग आणि पाइपचं तोंड दोन्ही हवेला उघडे, म्हणजे दोन्हीकडे गेज दाब शून्य. प्रवाह स्थिर. आता १० मीटरची ऊर्जा तीन ठिकाणी जाते: बाहेर पडणाऱ्या धारेचा वेग, पाइपच्या तोंडाशी होणारा तोटा (वेगशीर्षाच्या निम्मा) आणि घर्षण.

10 = (V²/2g)(1 + 0.5 + fL/D)

fL/D येतं २०. कंसातली बेरीज २१.५, वेग सेकंदाला ३.०२ मीटर, विसर्ग सुमारे ५.९ लिटर. तोंडाशी होणारा तोटा सोडला असता तर ६.० आला असता. पाइप लांब असला की हा फरक लहान असतो. पाइप दोन-चार मीटरचाच असेल, तर मात्र तो सोडून चालत नाही.

खरा घोळ f चा आहे. आपल्याकडच्या अनेक पुस्तकांत घर्षणाचं सूत्र 4fLV²/2gD असं असतं, काहींत fLV²/2gD. पहिल्यातला f दुसऱ्याच्या पाव असतो. म्हणजे याच पाइपसाठी एक पेपर ०.०२ देईल, दुसरा ०.००५, आणि दोन्ही बरोबर. सोडवलेल्या उत्तरातून सूत्र उचललं आणि आकडा नव्या प्रश्नातला घेतला, की गफलत होते. ०.००५ साध्या fL/D मध्ये घातला तर वेग ५.५ येतो, जवळजवळ दुप्पट. ०.०२ ला चारने गुणलं तर १.५५, म्हणजे निम्मा. पायऱ्या नीटनेटक्या दिसतात, म्हणून चूक नजरेतून सुटते.

ती ओळखता येते. वेग ३.०२ असताना रेनॉल्ड्स अंक साधारण दीड लाख येतो, म्हणजे प्रवाह खळबळीचा. इतक्या अंकाला अगदी गुळगुळीत पाइपचासुद्धा चौपट न केलेला f ०.०१६ च्या आसपास असतो. त्यामुळे पाण्याच्या अशा पाइपला ०.००५ दिला असेल, तर तो चारने गुणायचाच आहे.

दाब विचारला तर उत्तर दोन्ही टोकांकडून काढून बघावं. पाइपच्या मध्यावर उरलेल्या २५ मीटरचं घर्षण ४.६५ मीटर, म्हणून तिथला दाब सुमारे ४५.६ किलोपास्कल. टाकीकडून येताना १० मधून वेगशीर्ष, तोंडाशी झालेला तोटा आणि पहिल्या २५ मीटरचं घर्षण वजा केलं तरी ४.६५ च उरतात. न जुळल्यास बहुधा वेगशीर्ष वजा करायचं राहिलेलं असतं.