कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाची सूचना काढताय? मग ती ताकीद वाटणार नाही अशी लिहा

गावातल्या पतसंस्थेत, दूध डेअरीत, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत कधी ना कधी एक कागद फळ्यावर लागतो. पोशाख कसा असावा, वेळेवर यावं, ग्राहकांशी नीट बोलावं, असं त्यावर लिहिलेलं असतं. हेतू चांगला असतो, पण कागद वाचून कर्मचारी एकमेकांकडे बघतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "हे कोणाला उद्देशून आहे?" हा प्रश्न आला की समजावं, सूचना फसली.

असं का होतं आणि सूचना कशी लिहावी, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, सहा जणांची पतसंस्था आहे

व्यवस्थापक, रोखपाल, दोन लिपिक, शिपाई आणि बाजारपेठेत फिरून रोजची पिग्मी गोळा करणारा एजंट, एवढाच स्टाफ. दोन अडचणी आहेत. पिग्मी एजंट ओळखपत्र खिशात ठेवतो, त्यामुळे नवीन दुकानदार त्याच्या हातात पैसे द्यायला कचरतात. आणि काउंटरवर गर्दी असताना एक लिपिक मोबाईलवर बोलत बसतो. त्यातच एक संचालक म्हणाले, "कपडेसुद्धा कसेही घालून येतात." मग ही सूचना निघाली:

"सर्व कर्मचाऱ्यांना सक्त ताकीद देण्यात येते की, काही कर्मचारी अशोभनीय व भडक पोशाखात कार्यालयात येत असल्याचे निदर्शनास आले आहे. त्यामुळे संस्थेची प्रतिमा मलीन होत आहे. यापुढे सर्वांनी शालीन पोशाखात यावे व शिस्तीने वागावे. अन्यथा कडक कारवाई करण्यात येईल, याची गंभीर नोंद घ्यावी."

यात चुकलं कुठे?

पहिली चूक "काही कर्मचारी" या दोन शब्दांत आहे. सहा जणांच्या ऑफिसात "काही" म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळतं. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो चारचौघांत अपमान झाला म्हणून दुखावतो आणि बाकीचे पाच जण विनाकारण बोलणी खाल्ली म्हणून चिडतात.

दुसरी चूक म्हणजे "अशोभनीय", "भडक", "शालीन" हे शब्द. ते कपड्याचं वर्णन करत नाहीत, माणसाचा न्याय करतात. एकाला पिवळा शर्ट भडक वाटेल, दुसऱ्याला नाही. बायकांच्या बाबतीत तर असा शब्द थेट चारित्र्यावर बोट ठेवल्यासारखा वाचला जातो.

तिसरी चूक धमकीची. पहिल्याच कागदात "कडक कारवाई" आली की वाचणाऱ्याच्या डोक्यात तेवढंच राहतं. आणि गंमत बघा, ओळखपत्र आणि मोबाईल या मूळ दोन अडचणींचं तर नावच नाही!

सरकारलाही नियम बदलावा लागला

राज्य सरकारने ८ डिसेंबर २०२० रोजी सरकारी कर्मचाऱ्यांच्या पोशाखाचं परिपत्रक काढलं. जीन्स आणि टी-शर्ट नको, असं त्यात स्पष्ट होतं. पुढे २०२१ मध्ये जीन्सवरची बंदी उठवली गेली, टी-शर्टवरची राहिली. यातून आपल्यासारख्यांनी घ्यायचं ते एवढंच: एखादा कपडा बंद करण्याआधी त्याने कामात नेमकी काय अडचण येते, ते स्वतःला विचारावं. उत्तर सापडलं नाही तर ती ओळ लिहूच नये. आपल्या पतसंस्थेत जीन्समुळे कोणाचे पैसे मोजायचे राहत नाहीत. ओळखपत्र दिसलं नाही तर मात्र ग्राहकाचा विश्वास बसत नाही.

तीच सूचना, नव्याने

"विषय: ग्राहकांना कर्मचारी ओळखता यावेत व काउंटरचे काम सुरळीत चालावे याबाबत.

१. कामाच्या वेळेत संस्थेचे ओळखपत्र गळ्यात, नाव व फोटो दिसेल असे ठेवावे. बाहेर पैसे गोळा करताना हे विशेष गरजेचे आहे, कारण ग्राहक ते पाहूनच पैसे देतात.
२. पोशाख स्वच्छ व कामाला सोयीचा असावा. साडी, सलवार-कुर्ता, शर्ट-पॅन्ट, जीन्स यांपैकी काहीही चालेल. रंगाचे बंधन नाही. धार्मिक किंवा पारंपरिक खुणा, दागिने, डोक्यावरील वस्त्र यांबाबत ही सूचना नाही.
३. पावसाळ्यात सँडल, चप्पल चालेल.
४. काउंटरवर ग्राहक असताना मोबाईल सायलेंट ठेवावा. घरचा तातडीचा फोन असल्यास शेजारच्या सहकाऱ्याला सांगून बाहेर जाऊन बोलावे.
५. ओळखपत्र हरवले असल्यास संस्था नवीन देईल, त्याचा खर्च कर्मचाऱ्याकडून घेतला जाणार नाही.

ही सूचना येत्या १ तारखेपासून अध्यक्ष व व्यवस्थापकांसह सर्वांना लागू राहील. कोणाला काही अडचण असल्यास व्यवस्थापकांशी बोलावे."

आता यात "काय नको" यापेक्षा "काय चालेल" जास्त आहे. महत्त्वाच्या ओळीला कारण जोडलं आहे. चिखलाचा, घरच्या फोनचा, खर्चाचा विचार आधीच केला आहे. हा खर्चाचा मुद्दा विसरू नका. "सर्वांनी एकसारखा निळा शर्ट घालावा" असं लिहिलं की शिपायाच्या पगारातून दोन शर्ट जातात. गणवेश हवाच असेल तर संस्थेने कापड आणि शिलाई द्यावी.

कधी आणि कशी द्यावी?

भांडण झालं त्याच दिवशी सूचना काढू नका. आठ-दहा दिवस जाऊ द्या, नाहीतर कितीही गोड लिहिलं तरी ती त्या भांडणाचाच निकाल वाटते. रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकूनही देऊ नका. सकाळी सगळे जमले की वाचून दाखवा, शंका विचारू द्या, मग कागद फळ्यावर लावा.

मोबाईलवर बोलणाऱ्या लिपिकाशी मात्र आधी बाजूला बसून बोलायला हवं. कदाचित घरी कोणी आजारी असेल. एका माणसाची गोष्ट त्याच माणसाला सांगावी, ती सहा जणांच्या कागदात लपवू नये.

लावण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. कागद शिपायाला किंवा सगळ्यात नवीन कर्मचाऱ्याला वाचायला द्या आणि दोन प्रश्न विचारा: "उद्यापासून काय करायचं?" आणि "हे कोणाबद्दल आहे वाटतं?" पहिल्याचं उत्तर पटकन आलं आणि दुसऱ्याला "सगळ्यांबद्दल" असं म्हटलं, तर सूचना जमली. एखादं नाव तोंडात आलं तर पुन्हा लिहा.

सूचनेने जे होत नाही

समजावूनही एखादा वारंवार ऐकत नसेल, तर त्याच्यासाठी लेखी खुलासा मागण्याची वेगळी पद्धत आहे. तो कागद त्याच्या एकट्याच्या नावाने जातो आणि त्याला बाजू मांडायची संधी मिळते. तिथे नियम आणि कारवाईची भाषा योग्य आहे, फळ्यावरच्या सूचनेत नाही.

आणि एखाद्या महिला कर्मचाऱ्याने तिच्या कपड्यांवरून अश्लील शेरे मारले जातात अशी तक्रार केली, तर "सर्वांनी नीट वागावे" असा कागद काढून ती मिटवता येत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार तिला लैंगिक छळाची तक्रार करता येते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थेतली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिथे तिला पोशाखाची सूचना देणं म्हणजे जिचा त्रास, तिलाच बोल लावणं.